शेंगदाण्याचा पहिला चमचा



नातू सहा महिन्यांचा झाला, मान सावरून बसू लागला. मुगाची खिमट आठवडाभर पचली, तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, आता शेंगदाणा देऊ या." मी दचकलेच. आमच्या वेळी वर्षाच्या आत दाणे नाहीत, असा नियम होता.

पण २०१५ साली लंडनच्या अभ्यासात उलटंच दिसलं. ज्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात त्याची ॲलर्जी फार कमी झाली. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधीच एखादी ॲलर्जी असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

आम्ही दाणे भाजून, सोलून, लोण्यासारखे मऊ वाटले. त्यातला एक चमचा कोमट पाण्यात सैल करून खिमटीत कालवला. सकाळी, बाळ ठणठणीत असताना, चमच्याच्या टोकावर जरासं दिलं आणि दहा मिनिटं थांबलो. मग उरलेलं सावकाश भरवलं. त्या दिवशी दुसरं काही नवीन दिलं नाही.

दोन तास लक्ष ठेवलं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या, तर खाऊ थांबवून डॉक्टरांना गाठायचं. श्वास घरघरला किंवा बाळ एकदम मलूल झालं, तर तडक हॉस्पिटल. काहीच झालं नाही, म्हणून आता आठवड्यातून दोनदा देतो.

कूट मात्र नाही, कारण जाडसर कण घशात अडकतो. घट्ट लोणीही नुसतं चाटवत नाही, ते टाळूला चिकटतं. आणि अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाहीच. तेवढ्यापुरता माझा जुना नियम खरा निघाला!