हॉटस्पॉट लावून पाहिला, पुढे काय?

घरातलं नेट अडखळायला लागलं की फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, लॅपटॉप त्यावर जोडायचा, आणि तिथे सगळं सुरळीत चाललं की लगेच फायबरवाल्याला फोन लावून ‘तुमची लाइन खराब आहे’ म्हणून सांगायचं, ही रीत आता घरोघरी रुजली आहे. रीत चांगली आहे. दोन मिनिटांत होते, कुठलं हत्यार लागत नाही आणि कुणाला बोलवावं लागत नाही. माझी तक्रार तिच्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल आहे. हॉटस्पॉटवर काम चाललं, यावरून एवढंच ठरतं की लॅपटॉप ठीक आहे आणि ज्या साइटवर किंवा कॉलवर आपण आहोत तीही ठीक आहे. म्हणजे बिघाड घरच्या वाटेवर कुठेतरी आहे. पण त्या वाटेचे तुकडे तीन: लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचं वायफाय, खुद्द राउटर, आणि राउटरच्या पलीकडे खांबाखांबांवरून कंपनीपर्यंत गेलेली लाइन. हॉटस्पॉट लावताना आपण हे तिन्ही तुकडे एका झटक्यात बदलतो. तिन्ही एकदम बदलल्यावर दोष तिसऱ्याचाच, असं म्हणायला आधार राहत नाही.

जयगडसारख्या गावात हा फरक केवळ तात्त्विक राहत नाही, कारण इथली घरं जांभ्याच्या चिऱ्यांची. फायबरची वायर रस्त्याकडच्या खांबावरून येते, पडवीत किंवा ओटीवर शिरते, आणि जिथे शिरली तिथेच राउटरचा डबा ठोकला जातो. काम करणारा माणूस मात्र बसतो आतल्या खोलीत, कारण पंखा तिथे, टेबल तिथे, आणि ओटीवर कॉल घेतला तर येणारा-जाणारा मध्ये डोकावतो. डबा आणि लॅपटॉप यांच्यामध्ये नऊ इंच किंवा त्याहून जाड अशा दोन भिंती येतात. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा दोन भिंतींपलीकडे जवळजवळ संपतो, २.४ चा पोचतो पण दमून. आता याच टेबलावर, लॅपटॉपपासून हातभर अंतरावर फोन ठेवून हॉटस्पॉट लावला तर तो जिंकणारच. त्याच्या आणि लॅपटॉपच्या मध्ये हवेशिवाय काही नाही. या शर्यतीत लाइन धावलीच नाही, धावलं ते वायफाय, तेही एक बाजू भिंतीआड ठेवून.

तुलना खरी व्हायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे लॅन केबल. राउटरच्या मागच्या पिवळ्या किंवा काळ्या पोर्टातून लॅपटॉपमध्ये वायर टाकली की वायफायचा तुकडा बाद होतो. यावर आक्षेप ठरलेला: हल्लीच्या बारीक लॅपटॉपला ते भोकच नसतं. बरोबर आहे, आणि त्यासाठी कुणी दुकान गाठावं असं मी म्हणणार नाही. लॅपटॉप उचलून ओटीवर, डब्यापासून दोन-तीन हातांवर नेऊन बसायचं आणि तिथे पुन्हा वायफायवर तेच काम करून पाहायचं. आतल्या खोलीत वाईट, ओटीवर चांगलं, असं निघालं तर लाइनचा संबंध नाही. दोन्हीकडे सारखंच वाईट आणि हॉटस्पॉटवर चांगलं, तर राउटर किंवा लाइन. म्हणजे हॉटस्पॉटची चाचणी अर्धी आहे, आणि लॅपटॉपची जागा बदलणं हा तिचा उरलेला अर्धा भाग.

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण प्रत्यक्षात चित्र याच जातीचं दिसतं. संध्याकाळचे साडेआठ, आतल्या खोलीत व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो आहे. विंडोजच्या लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून आधी `ipconfig` लिहायचं. त्यात `Default Gateway` च्या पुढे राउटरचा पत्ता दिसतो, बहुतेक ठिकाणी `192.168.1.1`, जिओच्या डब्यावर `192.168.29.1`. मग या दोन ओळी, एकामागून एक:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली ओळ राउटरला पन्नास वेळा हाक मारते, दुसरी बाहेरच्या जगाला. समजा बाहेरच्या पन्नास हाकांपैकी सहा हरवल्या, आणि उत्तराला लागलेला वेळ २० पासून ४०० मिलिसेकंदांपर्यंत उड्या मारत होता. हॉटस्पॉटवर तीच दुसरी ओळ चालवली तर एकही हरवली नाही, वेळ ४५ ते ९० च्या दरम्यान. इथवर पाहिलं तर लाइन दोषी वाटते आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण घरच्या वायफायवर पहिल्या ओळीचं उत्तर काय आलं होतं? राउटर त्याच घरात आहे, त्याची उत्तरं दोन-पाच मिलिसेकंदांत आणि न चुकता यायला हवीत. तिथेही पाच हाका हरवल्या असतील आणि वेळ तीनशेपर्यंत चढला असेल, तर माल घराबाहेर पडण्याआधीच गळतो आहे. फायबरवाला येऊन खांबावर चढला तरी त्याला काही सापडणार नाही. उलट राउटरची उत्तरं स्थिर आली आणि गळती फक्त बाहेरच्या हाकांत दिसली, तर मात्र बोट लाइनकडे किंवा कंपनीकडे दाखवायला हरकत नाही.

यात एक खोडा असा आहे की तो भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. अनेक अँड्रॉइड फोन स्वतः घरच्या वायफायला जोडलेले असतानाही हॉटस्पॉट चालू करू देतात, आणि मग तेच वायफाय पुढे वाटतात. यूएसबी वायरने नेट दिलं तरी तसंच. म्हणजे लॅपटॉप हॉटस्पॉटवर आहे, वर फोनचं नाव दिसतं आहे, आणि नेट येतं आहे त्याच संशयित लाइनवरून. निकाल येतो ‘दोन्ही सारखेच वाईट’ आणि माणूस उगाच लॅपटॉप फॉरमॅट करायला बसतो. म्हणून चाचणीच्या आधी फोनचं वायफाय हाताने बंद करायचं आणि वर फोरजी किंवा फाइव्हजीची खूण उमटली ना ते पाहायचं. दुसरी काळजी क्रमाची. घरचं नेट, मग हॉटस्पॉट, आणि मग पुन्हा घरचं नेट, असं तीन टप्प्यांत पाहायला हवं. संध्याकाळची गर्दी ओसरून बिघाड आपोआप गेला असेल तर पहिल्या दोन टप्प्यांत हॉटस्पॉट उगाच श्रेय घेऊन जातो. परत आल्यावर घरचं नेट पुन्हा अडखळलं, तरच तुलनेला वजन. आणि हे सगळं होईपर्यंत राउटर बंद-चालू करायचा मोह आवरायचा. त्याने नेट सुधारेलही, पण बिघाड कुठे होता ते कळायची वाट बुजते.

मोबाइलचं नेट मुळातच हळू, त्याच्याशी फायबरची तुलना कसली, असा दुसरा आक्षेप येतो. वेग मोजायचा असता तर तो रास्त होता. किंबहुना हॉटस्पॉटवर स्पीड टेस्ट लावणं मला नापसंत आहे. चांगल्या फाइव्हजीवर एकेक फेरी शेकडो एमबी खाते, आणि दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर तो चाचणीतच संपतो. (लॅपटॉप विंडोजचा असेल तर हॉटस्पॉटच्या जोडणीवर `Metered connection` चालू करून ठेवावं, नाहीतर अपडेट नेमकं त्याच वेळी उतरायला लागतं.) आपल्याला पाहायची आहे वाट सलग आहे की नाही. ५० एमबीपीएसची लाइन हाका हरवत असेल तर कॉल तुटतो, आणि ५ एमबीपीएसचा मोबाइल एकही न हरवता तोच कॉल आरामात पेलतो. आवाजाच्या कॉलला वेग नगण्य लागतो. त्याला लागते नियमितता.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे: दोन्हीकडे वाईट निघालं तर? पुस्तकी उत्तर असं की मग लॅपटॉप किंवा पलीकडची साइट पाहा. पण ते उत्तर एक गोष्ट गृहीत धरतं की घरची लाइन आणि मोबाइल या दोन स्वतंत्र वाटा आहेत. मोबाइलचा टॉवरही पुढे कुठल्यातरी फायबरलाच जोडलेला असतो. निवळी फाट्यावरून जयगडकडे येणारा रस्ता एक, आणि त्याच रस्त्यावरून बंदराची अवजड वाहतूक. कडेच्या एकाच चरातून दोघांच्या वायरी येत असतील तर जेसीबीचा एक फाळ दोघांनाही एकदम गप्प करतो. घरची लाइन आणि सिम एकाच कंपनीचं असेल तर संशय आणखी वाढतो. आणि घरात एअरफायबर असेल, म्हणजे छपरावरचा डबा थेट फाइव्हजी टॉवरवरून नेट घेत असेल, तर त्याच कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट म्हणजे बहुधा त्याच टॉवरला दुसऱ्यांदा विचारणं. म्हणून चाचणीसाठी सिम दुसऱ्या कंपनीचं असावं, शेजाऱ्याचा फोन मागून घ्यावा लागला तरी चालेल. किल्ल्याच्या बाजूला, खाडीच्या काठावर राहणाऱ्यांना एक सोय आहे. उघड्या पाण्यावरून मोबाइलच्या लहरींना अडथळा नसतो, त्यामुळे तिथे फोन खाडीपलीकडच्या तवसाळ बाजूचा टॉवरही पकडू शकतो. तसं झालं तर ती साक्ष जास्त स्वतंत्र, कारण तो टॉवर गुहागर तालुक्यातला आणि त्याची वाट निवळीच्या रस्त्यावर अवलंबून असण्याचं कारण नाही.

‘पाऊस आला की नेट जातं’ हे वाक्यही इथे तपासून घ्यायला हवं. ते तांब्याच्या तारेच्या काळात शंभर टक्के खरं होतं. सांध्यात पाणी शिरलं की फोनमध्ये खरखर आणि ब्रॉडबँड गुल. फायबरमधून प्रकाश जातो, काच भिजल्याने त्याचं काही बिघडत नाही. पावसात फायबर बिघडतं ते वाऱ्याने वायर खांबाला घासून, फांदी पडून, कुठेतरी नको इतकी वाकून, नाहीतर वीज जाऊन. वाटेतला स्प्लिटर विजेशिवाय चालतो, पण पलीकडे ऑपरेटरकडचं यंत्र आणि अलीकडे आपला डबा, दोघांना वीज लागते. तेव्हा पावसात हॉटस्पॉट चांगला आणि घरचं नेट बंद असं दिसलं, तर पिंगच्याही आधी डब्याचे दिवे पाहावेत. `LOS` चा लाल दिवा लागला असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही, आणि चाचणी तिथेच संपली. `PON` हिरवा आणि स्थिर असेल, तर प्रकाश येतो आहे आणि पुढचं शोधायचं आहे.

मग फायबरवाल्याला फोन करावा, पण ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगून थांबू नये. किती वाजता झालं, दिवे कसे होते, डब्याला केबलने जोडून किंवा जवळ बसून राउटरचं पिंग स्वच्छ आलं पण बाहेरचं गळलं, आणि दुसऱ्या कंपनीच्या हॉटस्पॉटवर त्याच मिनिटाला गळती नव्हती, हे सांगावं. असं ऐकल्यावर राउटर बंद करून चालू करा, हे उत्तर देणं त्यालाही जरा अवघड जातं. तो आला की पॉवर मीटर लावून डब्याशी येणारा प्रकाश मोजायला सांगावं. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर ठीक. उणे २७ च्या खाली गेला तर डब्याला तो वाचता येईनासा होतो, आणि मग आधी शिडी लावायची ती आपल्याच खांबावरच्या सांध्याला.