चुकाऱ्याचा निरोप आणि चुकाऱ्याचा अर्ज

भंडारा जिल्ह्यात आधारभूत किमतीने विकलेल्या धानाच्या रकमेला ‘चुकारा’ म्हणतात, आणि बोलीतील निरोपाचे औपचारिक अर्जात रूपांतर करताना कोणता शब्द ठेवावा व कोणता बदलावा, याचा निर्णय या एका शब्दापासून सुरू होतो. लाखनी तालुक्यातील एका शेतकऱ्याने खरेदी केंद्राला पाठवण्यासाठी लिहिलेला पुढील निरोप प्रस्तुत लेखकाकडे दुरुस्तीसाठी आला होता : ‘सर, मागच्या महिन्यात ४२ कट्ट्यांचा काटा झाला, पण पेमेंट अजून क्रेडिट नाही झालं. अकाउंट तर लिंक आहे. प्लीज अर्जंट चेक करा ना.’

लेखकाने पहिल्या मसुद्यात ‘पेमेंट’च्या जागी ‘देयक’ लिहिले, आणि तीच चूक ठरली. कारण देयक म्हणजे बिल, म्हणजे पैसे मागणारा कागद, तर शेतकऱ्याला हवे होते ते पैसे. शब्द भारदस्त झाला, पण मागणी बदलली. ‘चुकारा’ हा शब्द शेतकरी आणि केंद्र दोघांच्याही रोजच्या वापरातला असल्यामुळे तोच दुसऱ्या मसुद्यात आला. ‘काटा झाला’, म्हणजे वजन झाले, हेही सर्वांना कळते. परंतु कागदावर तेथे ‘मोजमाप’ लिहून पावतीचा क्रमांक व दिनांक जोडावा लागतो, कारण ‘मागच्या महिन्यात’ हे शब्द अर्ज वाचला जाईपर्यंत जुने होतात. प्रत्येकी ४० किलोचे ४२ कट्टे म्हणजे १६.८० क्विंटल, हा आकडा पावतीशी ताडूनच लिहिला गेला.

अधिक अवघड प्रश्न क्रियापदाचा होता. पहिल्या मसुद्यातील ‘कळविण्यात येते की’ ही कर्ता झाकणारी रचना कार्यालय नागरिकाला लिहिते तेव्हा शोभते, पण अर्जदाराने ती वापरली तर विनंतीला आदेशाचा सूर येतो आणि धान कोणी दिले हेही पुसले जाते. म्हणून अंतिम मजकूर असा झाला : ‘मी वरील पावतीनुसार १६.८० क्विंटल धान आपल्या केंद्रावर दिले आहे. त्याचा चुकारा माझ्या बँक खात्यात अद्याप जमा झालेला नाही. खाते आधार क्रमांकाशी जोडलेले आहे. कृपया नोंद तपासून चुकारा कोठे थांबला आहे ते लेखी कळवावे, ही विनंती.’ ‘अर्जंट’ वगळला गेला, कारण उशीर दिनांकातूनच दिसत होता. ‘बँक’ आणि ‘आधार’ हे शब्द मात्र तसेच वापरले गेले, कारण त्यांना पर्याय शोधणे म्हणजे वाचणाऱ्याला अडवणे होते.

अर्जाचे छायाचित्र केंद्राला फोनवर पाठवताना त्याखालचा निरोप मात्र शेतकऱ्याच्याच भाषेत ठेवला गेला : ‘सर, पेमेंटचा अर्ज पाठवला आहे, पावती सोबत आहे, बघून घ्या.’