तिचा रविवार, माझा रविवार

ऑगस्टचा पहिला रविवार आला की मुलांच्या हातांवर रंगीत फिती दिसू लागतात. माझ्या मनात मात्र एक हिशेब सुरू होतो. बीएडला माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण आता अमेरिकेत न्यू जर्सीला असते. उन्हाळ्यात तिचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. नोव्हेंबरात तिथली घड्याळं तासभर मागे घेतात आणि अंतर साडेदहा तासांचं होतं. मार्चमध्ये ते पुन्हा साडेनऊवर येतं. सुरुवातीच्या एका हिवाळ्यात मी हे विसरले आणि तिला पहाटे पाच वाजता उठवलं होतं.

बरीच वर्षं मी फजरची नमाज झाली की फोन हातात घ्यायची आणि कुणीतरी पाठवलेलं गुलाबाचं चित्र तिच्याकडे पुढे ढकलायची. आपले सकाळचे सहा म्हणजे तिचे आदल्या रात्रीचे साडेआठ. म्हणजे माझ्या मैत्रीदिनाच्या शुभेच्छा तिला दरवर्षी शनिवारीच मिळायच्या. ती हात जोडल्याचं चित्र पाठवायची आणि वर्षभराचं बोलणं तिथंच संपायचं. भांडण झालं नव्हतं, दुरावाही नव्हता. फक्त एकमेकींना विचारायचं असं काही उरलं नव्हतं.

२०१९ साली मैत्रीदिन ४ ऑगस्टला होता. मी नेहमीसारखा गुलाब पाठवला. त्या वेळी तिचं हात जोडलेलं चित्र आलं नाही. तिनं विचारलं, "भिलवडीत पाणी किती आलंय? अम्मी कुठं आहेत?"

माझं माहेर भिलवडीचं, कृष्णाकाठचं. बीएडच्या दिवसांत ती तिथं ईदला यायची, शीरखुर्मा खाऊन घाटावर बसायची. त्यामुळं पाणी कुठल्या गल्लीतून आधी शिरणार हेही तिला ठाऊक होतं. दोन दिवसांनी अम्मीला आम्ही पलूसला आणलं. वीज गेली, फोन बंद पडला. बुधवारी शेजाऱ्यांकडच्या इन्व्हर्टरवर तो थोडा चार्ज झाला तेव्हा तिचे सतरा संदेश एकदम आले. लगेच फोनही वाजला. आमचे सकाळचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे दोन.

"झोपली नाहीस?" मी विचारलं.

"तुझ्या फोनवर दोन दिवस एकच टिक दिसतेय. झोप कशी येईल?"

दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, आमच्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. ती बातमी मला तिच्याकडूनच कळली, कारण आमच्याकडं टीव्ही बंद होता. फोनवर आम्ही दोघीही काही बोललो नाही. नुसत्या रडत होतो.

१२ तारखेला बकरीद होती. अम्मीच्या घरात अजून चिखल होता. सकाळी सात वाजता तिचा फोन आला. तिच्याकडं रविवारची रात्र होती. अम्मीला म्हणाली, "खाला, या वर्षी शीरखुर्मा नाही, पण मी आलेय." अम्मी डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "अगं, शीरखुर्मा रमजान ईदला असतो, अजून विसरतेस!"

तेव्हापासून मी गुलाब पाठवत नाही. हिशेब केला तर आमचा दोघींचा रविवार मिळून साडेचौदा तासांचा आहे. आपल्या सकाळी साडेनऊला तिच्याकडं रविवार सुरू होतो, आणि आपल्या मध्यरात्री, तिच्या दुपारी अडीचला, माझा संपतो. त्यात ती जागी आणि निवांत असण्याची वेळ म्हणजे आमची संध्याकाळ. म्हणून मी साडेसहाला लिहिते, तेव्हा ती सकाळी नऊचा चहा घेत असते. आणि संदेशात एक तरी प्रश्न असा ठेवते, ज्याचं उत्तर तिच्याशिवाय कुणालाच देता येणार नाही.

बीएडला मी तिला उर्दूत एकच शब्द लिहायला शिकवला होता, 'दोस्त'. दाल, वाव, सीन, ते. त्यातले दाल आणि वाव ही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडत नाहीत, मध्ये जागा राहते. तिनं तेव्हा विचारलं होतं, "मग हा एक शब्द कसा?" मी म्हणाले होते, "वाचणाऱ्याला कळतं."

यंदाचा संदेश मी लिहून ठेवलाय:

"तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? जिना चढतात का? तू मुलीला दाल-वाव शिकवणार होतीस, त्याचं काय झालं? अम्मी तुझी चौकशी करते. म्हणते, ती बकरीदला शीरखुर्मा मागणारी कधी येणार? पाणी यंदा पात्रातच आहे. तू झोप काढ."