सहा आणि सातच्या मधली रेघ

प्रिय सानिका,

आयईएल्ट्सच्या स्पीकिंगच्या बँडचा तक्ता वाचून सहा आणि सात सारखेच वाटतात, असं तू लिहिलंस. एकेक ओळ सुटी वाचली की तसंच वाटतं. त्याऐवजी लगतच्या दोन ओळी शेजारी ठेव, दोन्हींत सारखं आहे ते खोड आणि उरेल तेवढंच वाच. बोलण्याच्या ओघाचा निकष घे. अडखळणं, तेच पुन्हा म्हणणं, स्वतःला दुरुस्त करणं हे सहालाही आहे आणि सातलाही. खोडल्यावर उरतं ते मुख्यतः इतकंच, की सहाला त्यामुळे सांगण्यातली संगती मधूनच तुटते आणि सातला ती टिकते. सात आणि आठमध्ये हेच केलंस तर प्रश्न बदलतो. सातचा माणूस बऱ्याचदा शब्द सापडत नाही म्हणून थांबतो. आठचा बहुतेक वेळा काय सांगावं याचा विचार करायला थांबतो. म्हणजे प्रत्येक पायरीवर तक्ता एक वेगळा प्रश्न विचारतो, आणि तो ओळखणं हेच खरं वाचन.

तू म्हणशील, व्याकरणात तर शेवटी चुकाच मोजतात. तिथेही उरलेला मजकूर नीट पाहा. सहाला गुंतागुंतीच्या रचनांत वारंवार चुका होतात, तरी अर्थ सहसा अडत नाही. सातला बिनचूक वाक्यं वारंवार येतात आणि काही प्राथमिक चुका राहिल्या तरी चालतात. म्हणून चुका किती हे पाहताना त्या कुठे पसरल्या आहेत हेही पाहावं लागतं. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे आपली माणसं इंग्रजीत ‘द’ आणि ‘अ’ सहज गाळतात. समज, एकाने दहा वाक्यांपैकी आठांत एकेक आर्टिकल गाळलं. दुसऱ्यानेही दहा वाक्यांत तेवढ्याच आठ चुका केल्या, पण त्या दोनच लांब वाक्यांत. दोघांचंही म्हणणं कळतं. पण पहिल्याची दोनच वाक्यं बिनचूक आहेत, दुसऱ्याची आठ. बाकी रचनांची विविधता सारखी असेल, तर सातच्या जवळ दुसरा आहे.

‘वारंवार’, ‘काही’ हे शब्दच मोघम आहेत, हा आक्षेप रास्त आहे. परीक्षक त्यांचा अर्थ नमुन्याची ध्वनिमुद्रणं ऐकून, प्रशिक्षणात शिकतात. नुसत्या तक्त्यावरून तुला स्वतःचा बँड अचूक ठरवता येणार नाही. पण तक्ता त्यासाठी वाचायचाच नसतो; आपण कुठे अडतो ते शोधायला वाचायचा असतो. दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड कर, ते जसंच्या तसं लिहून काढ, बिनचूक वाक्यांवर खूण कर आणि प्रत्येक थांब्यापाशी कारण लिही: शब्द अडला की विचार? चारही निकषांना सारखंच वजन असतं. दोनांत सहा आणि दोनांत सात मिळाले तर साडेसहा होतात. तेव्हा सगळं इंग्रजी सुधारण्याआधी, कोणत्या निकषात कोणता प्रश्न तुला अडवतो आहे तेवढं ठरव. आर्टिकल अडवत असतील, तर अवघड शब्दांच्या याद्या पाठ करून व्याकरणाचा सहा हलणार नाही.

तुझा,
मामा