पाठ उघडलेला फोन

मांडवगण फराट्याहून चुलतभावाचा फोन आला, की बाबा, नवा मोबाईल घ्यायचाय, कुठला घेऊ? दिवसभर उसात उन्हात फिरणार, आणि बिघडला तर दुरुस्तीला शिरूर नाहीतर दौंड गाठायचं. अशा माणसाला कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगून काय उपयोग? म्हणून मी आयफिक्सिटसारख्यांनी फोन सोलून लिहिलेले रिपोर्ट वाचत बसलो. (बायको म्हणते, लग्नाआधी एवढी चौकशी केली नव्हती!)

त्यात मी आधी बॅटरी बघतो. आकार आणि चिकटवण, दोन्ही. तिच्या लेबलवरचे मिलिअँपिअर-तास आणि व्होल्ट यांचा गुणाकार करून हजाराने भागलं की वॅट-तास मिळतात. 5000 ला 3.87 व्होल्टने गुणलं तर साधारण 19.35. पण आकडा मोठा म्हणजे चांगला असं नाही, तिला जागा किती ठेवलीय ते महत्त्वाचं. सॅमसंगचा नोट 7 आठवतोय ना? 2016 साली पेट घेऊन बाजारातून गेलेला? इन्स्ट्रुमेंटल नावाच्या कंपनीने तो उघडून मोजला, तर बॅटरी चिकटवणीसकट 5.2 मिमी जाड आणि तिचा कप्पाही 5.2 मिमी खोल. त्यांच्या मते वर अर्धा मिमी तरी मोकळी जागा हवी होती, कारण बॅटरी वापरून वापरून फुगते. सॅमसंगने पुढे 2017 मध्ये दोष बॅटरीच्या आतल्या बांधणीत असल्याचं सांगितलं. म्हणजे एक फोन उघडून सगळंच कळतं असं नाही, आणि दोन वर्षांनी काय होईल हे तर नाहीच.

चिकटवण मात्र कळते. आयफोन 5एसपासून ऍपलने बॅटरीखाली ओढून काढायच्या पट्ट्या दिल्या. पट्टी हळूहळू ओढली की बॅटरी सुटते. पण रिपोर्टमध्ये "गरम केलं, अल्कोहोल सोडलं, कार्डाने खरवडलं" असं आलं, तर ओळखा की गोंद सगळीकडे फासलाय. असं उचकटताना बॅटरी वाकली किंवा भोक पडलं तर ती पेटू शकते. तालुक्याच्या दुकानात घाईत हे काम कुणी करू नये असं मला वाटतं.

मग चार्जिंगचं तोंड. ते खाली छोट्या वेगळ्या बोर्डावर असेल तर धुळीने, ओढाताणीने बिघडल्यावर तेवढाच तुकडा बदलता येतो. मुख्य बोर्डावर डाग दिलेलं असेल तर काम कुशल माणसाकडेच, आणि खर्चही वाढतो.

उन्हासाठी प्रोसेसरवरचा मऊ थर्मल पॅड बघा. तो धातूच्या चौकटीला टेकलेला असावा, म्हणजे उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. प्रोसेसर बॅटरीला अगदी खेटून असेल तर मला ते आवडत नाही, कारण उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

भावाला दोन फोनची नावं कळवलीत. त्याने विचारलं, "रंग कुठले आहेत?" आता ते मी कुठे बघितलंय!