न लिहिलेला रकाना

पुतणीने बीडीएस झाल्यावर बेळगावात टिळकवाडीत दवाखाना काढायचं ठरवलं. खुर्ची, एक्स-रे, फर्निचर मिळून 14 लाखांचा हिशोब तिने माझ्यापुढे ठेवला.

"बाळ, दरमहा किती लागतील?" मी विचारलं. तो रकानाच नव्हता. भाडं, मदतनीस, साहित्य, वीज, हप्ता धरून 55 हजार निघाले. बँकेत अशी कर्जं थकताना मी पाहिली होती: यंत्रं नवीकोरी, हाती रोकड नाही.

मग फर्निचर कापून 4 लाख राखून ठेवले. स्वस्तातला वरचा मजला सोडून तळमजला घेतला. दाढ ठणकणारी आजी जिने चढत नाही.

पहिल्या महिन्यात 11 पेशंट आले. पुढे त्यांनीच शेजारीपाजारी पाठवले. अकराव्या महिन्यात खर्च भागला, तेव्हा राखीव पैशांतले 30 हजारच उरले होते.