साहेबांचे दार आणि आवक क्रमांक



कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीत एका आजींच्या रमाई घरकुलाचा हप्ता अडकला होता. भिंती अर्ध्यावर, डोक्यावर ताडपत्री. निर्णय जिल्ह्याच्या कार्यालयात होणार होता. आम्ही एसटीने तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा केबिनबाहेरच्या स्वीय सहायकांनी अडवले. साहेब व्हीसीत आहेत, दौऱ्यावर आहेत, निवेदन ठेवून जा. आमच्या डोळ्यांदेखत पांढऱ्या कपड्यांतले दोघे मात्र चिठ्ठी न पाठवता आत गेले.

तिथे आवाज चढवावा असे वाटले. पण चूक आमचीही होती. आमच्या निवेदनात दहा मागण्या होत्या, आजींची सातवी. शिवाय ते आम्ही टेबलावर ठेवून आलो होतो, पोच घेतलीच नव्हती. साहेबांचा वेळ सहायकांच्या हातात असतो, म्हणून ते माणसाला अडवू शकतात. नोंद झालेला कागद अडवणे तेवढे सोपे नसते, कारण तो कुठे थांबला ते दिसते.

मग आम्ही एकाच पानावर आजींच्या नावाने एकच मागणी लिहिली. आवक-जावक शाखेत दिली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. त्यानंतर सहायकांना भेट मागितली नाही, एवढेच विचारले, "साहेब, हा क्रमांक कोणत्या टेबलावर गेला?" त्यांनी रजिस्टर पाहून टेबल सांगितले. ज्यांना आम्ही भिंत समजत होतो, त्यांनीच वाट दाखवली.

तरीही फाईल हलली नाही, तेव्हा लोकशाही दिनाचा मार्ग धरला. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुक्यात अर्ज द्यावा लागतो आणि महिन्याभरात काम झाले नाही तर जिल्ह्याला जाता येते. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत, 15 दिवस आधी. त्या दिवशी अधिकारी स्वतः समोर बसतात, चिठ्ठी लागत नाही. तिथे कळले की बांधकामाच्या टप्प्याचा फोटोच फाईलला जोडलेला नव्हता. फोटो काढला गेला, हप्ता जमा झाला. पण यात दोन महिने गेले आणि पावसाळा आजींनी ताडपत्रीखालीच काढला.

या मार्गाला मर्यादा आहे. लोकशाही दिनात फक्त वैयक्तिक तक्रार घेतात. स्मशानभूमीचा रस्ता, वस्तीचे पाणी अशा सामूहिक मागण्या तिथे परत येतात. न्यायालयातली प्रकरणेही घेत नाहीत. सामूहिक मागणीसाठी आवक क्रमांक घ्या आणि त्याच क्रमांकावर माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. अर्जात 'का केले नाही' असे विचारू नका. आमचा कागद कोणत्या तारखेला कोणाकडे गेला आणि त्यावर काय शेरा लिहिला, त्याच्या प्रती मागा.

पांढऱ्या कपड्यांना ओळखीचे दार आहे. आपल्याकडे ती ओळख नाही. म्हणून आपला कागद तरी बिननोंदीचा राहता कामा नये.

जयभीम!